मराठी-इंग्रजी मिश्र वाक्यांतील समरूप शब्द

मराठी-इंग्रजी मिश्र वाक्यांतील समरूप शब्द म्हणजे उच्चाराने व देवनागरी लेखनाने सारखेच, परंतु एक मूळचा मराठीतला आणि दुसरा इंग्रजीतून आलेला, असे भिन्नार्थी शब्द. असा शब्द कोणत्या भाषेतला, हे नुसत्या शब्दावरून कळत नाही. ते बहुधा वाक्यातील क्रियापदावरून ओळखावे लागते.

'सूट' हे सोपे उदाहरण. सवलत या अर्थाचा मराठी शब्द स्त्रीलिंगी आहे, तर पोशाख या अर्थाचा इंग्रजी शब्द मराठीत पुल्लिंगी मानला जातो. त्यामुळे 'सूट मिळाली' आणि 'सूट मिळाला' यांत घोटाळा होत नाही. मात्र 'येथे लग्नासाठी सूट मिळेल' या पाटीचे दोन अर्थ होतात, कारण भविष्यकाळी 'मिळेल' हे रूप तिन्ही लिंगांत एकच असते. 'चांगली' किंवा 'चांगला' असे विशेषण जोडल्यास अर्थ स्पष्ट होतो. 'छान' किंवा 'भरपूर' यांचा उपयोग नाही, कारण ही विशेषणे लिंगानुसार बदलत नाहीत.

'कट' या शब्दाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मराठी 'कट' म्हणजे कारस्थान. इंग्रजी 'कट' म्हणजे कापणे किंवा तोडणे. दुसऱ्या अर्थी मराठी बोलणारा 'कट करणे' असे संयुक्त क्रियापद वापरतो. 'तिने फांदी कट केली' या कर्मणी प्रयोगात 'फांदी' हे कर्म आहे, म्हणून क्रियापद स्त्रीलिंगी. 'तिने कट केला' यात 'कट' हेच कर्म, म्हणून क्रियापद पुल्लिंगी. येथवर व्याकरण वाचकाला साथ देते.

अडचण येते ती कर्म पुल्लिंगी असून गाळलेले असेल तेव्हा. दूरध्वनीवरील बोलणे मध्येच तोडले गेले, अशा प्रसंगी 'त्यांनी कट केला' असे सहज म्हटले जाते. 'फोन' हा शब्द मनात असतो. तेच वाक्य तक्रार अर्जात एकटे पडले, तर साध्या उद्धटपणाच्या तक्रारीला कारस्थानाच्या आरोपाचे रूप येते. वर्तमानकाळी 'ते कट करतात' म्हटल्यास क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते (कर्तरी प्रयोग), म्हणून तेथे कर्माच्या लिंगाचा आधारही उरत नाही. लेखनात 'फोन तोडला' किंवा 'कट रचला' असे लिहिणे केव्हाही बरे.

'बस' हा शब्द मात्र क्वचितच फसवतो. 'बस आली' यात तो आज्ञार्थी क्रियापद असूच शकत नाही आणि 'खाली बस' यात वाहन संभवत नाही.

मराठी वाक्य रोमन लिपीत टंकित केले की देवनागरीत वेगळे दिसणारे शब्दही समरूप होतात. पी, ए, एन ही तीन अक्षरे 'पण' अशीही वाचता येतात आणि करदात्याच्या 'पॅन' क्रमांकासारखीही. पुढे 'नाही' आले, की 'पण नाही' हा नकार आहे की क्रमांक नसल्याची कबुली, हे आधीचा प्रश्न पाहिल्यावाचून सांगता येत नाही.