अर्ध्यात पुसलेली चिप

मे महिन्यातल्या एका दुपारी भाचीचा फोन आला. बायोस अपडेट करायला घेतलं होतं, निम्म्यावर पट्टी गेली आणि लाइट गेली. "मामा, पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही." दुकानदाराने पाहिलं आणि सांगितलं, बोर्ड डेड आहे, नवा घ्या.

दुकानदाराचं हे निदान मला पटलं नाही. वीज पोचते, पंखे फिरतात, आणि बिघाड नेमका अपडेटच्या क्षणी झाला, तर बहुतेक वेळा बोर्डाचं हार्डवेअर ठणठणीत असतं. बिघडलेला असतो तो फक्त एका छोट्या चिपमधला मजकूर. बटण दाबल्यावर प्रोसेसर पहिल्या सूचना याच चिपमधून वाचतो. अपडेट करताना चिपचा एकेक भाग आधी पुसला जातो, मग त्यावर नवं लिहिलं जातं. मध्येच वीज गेली की काही भाग नवा, काही जुना आणि काही कोरा राहतो. अशा मजकुरावर कॉम्प्युटर सुरू होत नाही, आणि तो सुरू होत नसल्यामुळे अपडेट पुन्हा चालवताही येत नाही.

काही बोर्डांवर या कोंडीतून सुटायची सोय आधीच केलेली असते. गिगाबाइटच्या बऱ्याच बोर्डांवर बायोसच्या दोन चिप असतात, एक मुख्य आणि एक राखीव. त्यांच्या वरच्या दर्जाच्या काही बोर्डांवर कोणती चिप वापरायची हे ठरवणारं बारीक स्विचही असतं. अशा वेळी वीज बंद करायची, स्विच राखीव चिपकडे सरकवायचं आणि कॉम्प्युटर सुरू करायचा. स्क्रीन आली की बायोसमधल्या अपडेटच्या पानावर जायचं, चालू अवस्थेतच स्विच मुख्य चिपकडे परत न्यायचं आणि मगच फाइल लिहायची. चालू मशीनमधलं स्विच हलवायला हात कचरतो, पण तोवर राखीव चिपमधला कार्यक्रम मेमरीत गेलेला असतो, त्यामुळे काम थांबत नाही. घात होतो तो स्विच परत न्यायचं विसरल्यावर. मग फाइल राखीव चिपवरच जाते, आणि ती बिघडली तर हातातली एकुलती एक चांगली प्रतही संपते.

भाचीच्या बोर्डावर असं स्विच नव्हतं. मग बाहेरून चिप लिहायचं यंत्र, म्हणजे प्रोग्रॅमर, वापरायचं ठरवलं. सीएच३४१ए नावाचा यूएसबी प्रोग्रॅमर काही शे रुपयांत मिळतो. त्याच्यासोबत आठ दातांचा चिमटा येतो. तो चिपवर बसवला की चिप बोर्डावरून न काढता वाचता आणि लिहिता येते.

चिमटा लावण्याआधी भिंगातून चिपवरचा क्रमांक वाचला: W25Q128FV. हा क्रमांक फार महत्त्वाचा आहे. FV किंवा JV असेल तर चिप ३.३ व्होल्टची असते, FW किंवा JW असेल तर १.८ व्होल्टची. १.८ व्होल्टच्या चिपला ३.३ दिले तर ती कायमची जाऊ शकते. तिच्यासाठी व्होल्टेज उतरवणारा वेगळा जोड लागतो. शिवाय या प्रोग्रॅमरच्या काळ्या पाटीच्या जुन्या घडणीत चिपला वीज ३.३ व्होल्टची मिळते, पण संदेशाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. म्हणून प्रोग्रॅमर आधी मल्टिमीटरने तपासावा आणि असा दोष आढळला तर दुसरा घ्यावा.

मग बोर्डाची वायर काढली, नाण्यासारखा सेल काढला आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज उतरवली. चिपच्या एका कोपऱ्यात बारीक ठिपका असतो, तो पहिला पाय. चिमट्याची लाल तार त्याच बाजूला आली पाहिजे. दुसऱ्या, लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला प्रोग्रॅमर जोडला आणि लिहायच्या आधी चिप दोनदा वाचली:

```
flashrom -p ch341a_spi -r old1.bin
flashrom -p ch341a_spi -r old2.bin
cmp old1.bin old2.bin
```

चिमट्याचा एखादा दात नीट टेकला नसेल तर पहिल्याच ओळीला "No EEPROM/flash device found" असं उत्तर येतं. मला ते आलं नाही, पण दोन्ही फाइली जुळल्याही नाहीत. चिमटा किंचित कलला होता. तो काढून, चिपचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवला. या वेळी cmp गप्प राहिलं, म्हणजे दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या निघाल्या. या टप्प्यावर घाई करणारे फार पस्तावतात. वाचन जुळत नसेल तर लेखनही भरवशाचं होत नाही, आणि जुना मजकूर एकदा पुसला की परत मिळत नाही.

तो बिघडलेला मजकूर जपायचा कशाला, असं वाटेल. पण या चिपमध्ये बायोसशिवाय इतर गोष्टीही असतात. इंटेलचं नेटवर्क असलेल्या अनेक बोर्डांवर त्या बोर्डाचा स्वतःचा नेटवर्क पत्ता याच चिपमध्ये असतो. कंपनीची फाइल मात्र सगळ्यांसाठी एकच, तिच्यात 88:88:88:88:87:88 असा नमुन्याचा पत्ता असू शकतो. तीच फाइल जशीच्या तशी लिहिली तर बोर्ड जिवंत होतो, पण त्याची ओळख हरवते. UEFITool या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली की तिचे भाग वेगवेगळे दिसतात. भाचीच्या जुन्या फाइलमध्ये नेटवर्कचा ८ किलोबाइटचा भाग शाबूत होता, तो नव्या फाइलमध्ये त्याच जागी नेऊन ठेवला.

त्याआधी एक अडथळा होता. कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेली .CAP फाइल १,६७,७९,२६४ बाइटची होती आणि चिप १,६७,७७,२१६ बाइटची. जास्तीचे २,०४८ बाइट म्हणजे फाइलच्या डोक्यावरचं वेष्टन. अपडेटचा प्रोग्रॅम ते स्वतः उतरवतो, प्रोग्रॅमर उतरवत नाही. ते कापल्यावर आकार जुळला. सगळ्याच कंपन्यांची वेष्टनं एवढीच नसतात, त्यामुळे प्रत्येक वेळी आकार मोजूनच कापावं. मग लिहायची आज्ञा दिली:

```
flashrom -p ch341a_spi -w new.bin
```

पुसणं, लिहिणं आणि पडताळणं मिळून काही मिनिटं गेली. या वेळी मात्र दोन्ही यंत्रं इन्व्हर्टरवर होती. शेवटी "VERIFIED" हा शब्द आला. चिमटा काढला, सेल बसवला, वायर लावली. पहिल्यांदा मशीन एकदा आपोआप बंद होऊन सुरू झालं आणि जवळपास मिनिटभर स्क्रीन काळीच होती. मेमरीची जुळणी नव्याने होत असते, तेव्हा असं होतं. मग कंपनीचं चिन्ह उमटलं. तारीख-वेळ भरली, नेटवर्कचा पत्ता पाहिला, तो बोर्डावरच्या स्टिकरशी जुळत होता.

सगळेच बोर्ड असे परत येत नाहीत. प्रोसेसरजवळ जळल्याचा वास असेल, पंखाही फिरत नसेल किंवा बिघाड अपडेटशिवायच झाला असेल, तर चिप लिहून उपयोग नाही. पण अपडेटच्याच क्षणी बंद पडलेला बोर्ड कुणी भंगारात काढायला सांगितला, तर आधी चिपवरचा क्रमांक वाचा आणि तिचा मजकूर दोनदा उतरवून घ्या.