कोटेशनची मुदत संपत आली की

कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते : ‘हे दर 30 दिवस लागू राहतील.’ पाठवणारा ती सवयीने टाकतो, घेणारा बहुतेक वेळा शेवटच्या आकड्यापलीकडे वाचतच नाही. मग महिना सरतो. ग्राहक म्हणतो, ‘तुम्हीच तर चार लाख ऐंशी हजार सांगितले होते,’ आणि कंत्राटदार म्हणतो, ‘ते गेल्या महिन्याचे दर होते.’ वेळेवर आलेल्या एका साध्या आठवणीने हा वाद टळू शकतो. पण ती आठवण धमकीसारखी वाटली, तर ग्राहक दुसऱ्याकडे वळतो.

एक नमुना घेऊ. ठाण्यातली पाच मजली जुनी सोसायटी. मीटर पॅनेल आणि तिथून वरच्या मजल्यांपर्यंत जाणाऱ्या केबल बदलायच्या आहेत. कंत्राटदाराने 2 मार्चला कोटेशन दिलं : तांब्याच्या केबलचे 1,90,000 रुपये, पॅनेल आणि स्विचगिअरचे 1,30,000, मजुरी 1,60,000. एकूण 4,80,000 आणि त्यावर जीएसटी. मुदत 31 मार्च. इथे त्याने नुसते ‘30 दिवस’ न लिहिता तारीखच लिहिली, हे फार बरं केलं. दिवस मोजायचे म्हटले की कोटेशनवरच्या तारखेपासून मोजायचे की ते हाती पडल्यापासून, इथूनच घोळ सुरू होतो.

या तीन रकमांपैकी लवकर बदलणारी रक्कम एकच, केबलची. तांब्याचा भाव लंडन मेटल एक्स्चेंजवर आणि आपल्याकडे एमसीएक्सवर रोज हलतो. तो फार वर गेला की केबल कंपन्या दरपत्रक बदलतात आणि डीलर जुन्या दराने माल द्यायला तयार होत नाही. मजुरी मात्र 1 एप्रिलला सकाळी अचानक वाढत नाही. म्हणून ‘31 तारखेनंतर सगळे दर वाढतील’ हे वाक्य खरं नाही आणि ते लिहूही नये. ‘केबलचा दर त्या दिवशीच्या भावाने धरावा लागेल, बाकी रक्कम 30 जूनपर्यंत हीच राहील’ हे मात्र खरं आहे. दबाव आणणं आणि माहिती देणं यांतला फरक या दोन वाक्यांत दिसतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये ‘डार्क पॅटर्न’बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाने घाईघाईत खरेदी करावी म्हणून खोटी निकड दाखवणं आणि सारखा तगादा लावून त्याला हैराण करणं, या दोन्ही गोष्टी त्यातल्या गैरप्रकारांच्या यादीत आहेत. ही तत्त्वं मुख्यतः ऑनलाइन व्यवहारांसाठी असली, तरी कोटेशनच्या पत्रालाही हीच कसोटी लावून पाहावी. मुदत संपल्यावरही जुन्याच दराने काम करायची तयारी असेल, तर ‘शेवटची संधी’ म्हणू नये. दर महिन्याला ‘शेवटचे दोन दिवस’ असा निरोप पाठवणाऱ्याच्या तारखांवर पुढे कोणी विश्वास ठेवत नाही, आणि मग खऱ्या मुदतीचंही वजन जातं.

आठवण कधी पाठवायची, हे ग्राहक निर्णय कसा घेतो त्यावर ठरतं. घरमालक एका संध्याकाळी हो म्हणू शकतो, सोसायटीचा सचिव म्हणू शकत नाही. आधी व्यवस्थापक समितीची बैठक होते, तिथे इतर कोटेशन्सबरोबर तुलनात्मक तक्ता मांडला जातो, आणि खर्च ठरावीक मर्यादेबाहेरचा असेल तर विषय सर्वसाधारण सभेत जातो. विशेष सभा बोलवायची तरी सभासदांना पाच पूर्ण दिवसांची सूचना द्यावी लागते. अशा ग्राहकाला 29 मार्चला फोन करून उपयोग शून्य. त्याच्या हातात तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं, त्यामुळे तो फोन हेतू कितीही चांगला असला तरी दबावच ठरतो.

म्हणून कोटेशन देतानाच ‘समितीची बैठक कधी आहे?’ असं विचारून ठेवावं. आपल्या नमुन्यात ती 22 मार्चला, रविवारी आहे. आठवण 18 तारखेला गेली, तर विषय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत येतो, आणि समितीला सभा घ्यावीशी वाटली तर 29 च्या रविवारपर्यंत तेवढी सवडही राहते. ईमेल पुढीलप्रमाणे असू शकतो :

‘नमस्कार. आपल्या इमारतीच्या केबल व मीटर पॅनेलच्या कामाचे कोटेशन क्र. 47 (2 मार्च, रु. 4,80,000 अधिक जीएसटी) 31 मार्चपर्यंत लागू आहे. 22 तारखेच्या बैठकीत हाताशी असावे म्हणून प्रत पुन्हा जोडली आहे. 31 नंतर केबलचा दर डीलरच्या त्या दिवशीच्या भावाने धरावा लागेल. पॅनेल आणि मजुरीची रक्कम 30 जूनपर्यंत हीच राहील. निर्णयाला अधिक वेळ हवा असल्यास कळवावे, केबलचा दर किती दिवस धरून ठेवता येईल हे डीलरला विचारून सांगतो. काम सध्या करायचे नसेल, तर तसे एका ओळीत कळवले तरी चालेल.’

या मजकुरात सगळ्यात मोलाचं वाक्य शेवटचं आहे. पुष्कळ ग्राहक गप्प राहतात ते केवळ ‘नाही’ म्हणायचा संकोच वाटतो म्हणून. तो संकोच दूर केला की उत्तर येतं, आणि नकार आला तरी कंत्राटदाराला त्या तारखांना दुसरं काम घेता येतं. ईमेल गेल्यावर सचिवाला व्हॉट्सॲपवर ‘ईमेल पाठवला आहे’ एवढा एकच निरोप पुरे. खजिनदाराला वेगळा फोन, अध्यक्षांना वेगळा, हे टाळावं. मार्चअखेरीला खजिनदार आधीच हिशेबात बुडालेला असतो, आणि समितीच्या सदस्यांना आपल्याला परस्पर गाठलं जातंय असं वाटलं की पहिली शंका दरावर येते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 6 नुसार प्रस्तावात स्वीकारासाठी दिलेली मुदत उलटली की प्रस्ताव आपोआप संपतो. मुदत लिहिलीच नसेल, तर वाजवी काळ गेल्यावर संपतो, आणि वाजवी म्हणजे किती यावर भांडण होऊ शकतं. कलम 7 सांगतं की स्वीकार विनाशर्त असावा लागतो. 31 मार्चला सोसायटीने ‘मंजूर, पण वीस हजार कमी करा’ असं कळवलं, तर तो स्वीकार नव्हे, सोसायटीकडून आलेला नवा प्रस्ताव आहे. कंत्राटदाराने त्याला लगेच, लेखी उत्तर द्यावं. तसं न करता माल मागवला, तर पुढे बिलाच्या वेळी दोन्ही बाजू आपापला आकडा धरून बसतात.

मुदतवाढ द्यायची झाली तर तीही तोंडी नको. आधी डीलरकडून नवी तारीख घ्यावी, तो आगाऊ रक्कम मागत असेल तर ते ग्राहकाला आधीच सांगावं, आणि मगच लेखी कळवावं.

समजा सोसायटीचा होकार 4 एप्रिलला आला आणि तोवर केबल सहा टक्क्यांनी महागली. वाढ झाली 11,400 रुपयांची. कंत्राटदाराने क्र. 47-अ असं सुधारित कोटेशन काढावं, त्यात केबलची एकच ओळ बदलून एकूण रक्कम 4,91,400 दाखवावी, सोबत डीलरच्या जुन्या आणि नव्या दराची प्रत जोडावी आणि नवी तारीख ठळक लिहावी. भाव उतरला असेल तर उतरलेला दरही याच रीतीने दाखवावा.