शब्द बदलले, चोरी राहिली

संतसाहित्यावरच्या लेखांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा येतो. ज्ञानदेव शंकराचार्यांचा मायावाद मानतात की त्यांची वाट वेगळी आहे? या वादाला मोठी परंपरा आहे. रा. द. रानडे यांचा महाराष्ट्रातील संतांवरचा इंग्रजी ग्रंथ १९३३चा, तर भा. पं. बहिरट यांचा ज्ञानदेवांच्या तत्त्वज्ञानावरचा इंग्रजी ग्रंथ १९५६चा. दिवाळी अंकासाठी किंवा पीएच.डी.साठी या विषयावर लिहिणाऱ्याला अशा अभ्यासकांचा आधार घ्यावाच लागतो. अडचण येते ती त्यांचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडताना.

सिद्धान्ताविषयी लिहिताना ही अडचण दुहेरी असते. मूळ मजकुराच्या फार जवळ राहिलो तर ती उचलेगिरी होते, आणि फार लांब गेलो तर सिद्धान्तच बिघडतो. प्रवासवर्णनात ‘डोंगर’ऐवजी ‘टेकडी’ लिहिले तर फारसे काही बिघडत नाही. ‘अनिर्वचनीय’ऐवजी ‘खोटे’ लिहिले तर शांकर अद्वैताचा अर्थच बदलतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू. खालचा उतारा कोणत्याही ग्रंथातला नाही, नमुन्यासाठी मीच रचला आहे. तो एखाद्या अभ्यासकाच्या पुस्तकात पृष्ठ ४२ वर आहे असे धरून चालू.

मूळ उतारा: “शांकर अद्वैतात अविद्या ही जगाच्या भासाची अट आहे, ती सत् नाही, असत् नाही, म्हणून तिला अनिर्वचनीय म्हटले जाते. अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात मात्र ज्ञानदेव हा आधारच काढून घेतात. अज्ञान ज्ञानस्वरूप वस्तूत राहू शकत नाही आणि तिच्याविना त्याला दुसरा आश्रय नाही, असे दाखवून ते जग हा चैतन्याचाच विलास ठरवतात. त्यामुळे त्यांचा विचार शांकर परंपरेच्या विरोधात नसून तिच्या पुढचे पाऊल वाटतो.”

आता पहिला प्रयत्न: “शांकर अद्वैतामध्ये अविद्या ही विश्वाच्या आभासाची पूर्वअट मानली जाते, ती सत् नाही, असत्ही नाही, म्हणून तिला अनिर्वचनीय संबोधतात. अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणामध्ये मात्र ज्ञानेश्वर हा पायाच काढून टाकतात.”

इथे ‘जग’चे ‘विश्व’ झाले, ‘आधार’चा ‘पाया’ झाला. वाक्यांची संख्या, त्यांचा क्रम, ‘मात्र’पाशी येणारे वळण, आधार काढून घेण्याची प्रतिमा हे सगळे मूळ अभ्यासकाचेच राहिले. शेवटी कंसात त्याचे नाव टाकले तरी दोष पुरता जात नाही. नाव पाहून वाचक समजतो की विचार अभ्यासकाचा आणि मांडणी लेखकाची, आणि प्रत्यक्षात मांडणीही उसनीच असते. इतके जवळ राहायचे असेल तर सरळ अवतरणचिन्हे घालून मूळ वाक्येच द्यावीत.

दुसरा प्रयत्न याच्या उलट टोकाचा: “शंकराचार्य जग खोटे मानतात. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात हे मत खोडून काढले आणि जग खरे असल्याचे सिद्ध केले (पृ. ४२).”

यात एकही वाक्य उचललेले नाही आणि पृष्ठक्रमांकही दिला आहे. तरीही हे लेखन पहिल्यापेक्षा घातक आहे. शांकर मतात जगाला व्यावहारिक सत्ता आहे, त्यामुळे त्याला नुसते ‘खोटे’ म्हणता येत नाही. मूळ अभ्यासकाला विरोध दिसत नव्हता, इथे ‘खोडून काढले’ आले. त्याने ‘वाटतो’ म्हटले होते, त्याचे ‘सिद्ध केले’ झाले. जे तो कधी बोललाच नाही, ते त्याच्या पृष्ठक्रमांकासह त्याच्या नावावर गेले.

तिसरा प्रयत्न असा: “अज्ञान राहते कुठे, हा अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणातला कळीचा प्रश्न आहे. एका अभ्यासकाने या प्रकरणातला युक्तिवाद पुढीलप्रमाणे उलगडला आहे: आत्मवस्तू ज्ञानरूप असल्याने अज्ञानाला तिच्यात थारा नाही, आणि तिला सोडून टेकायला दुसरे काही नाही. मग जे दिसते ते चैतन्याचेच स्फुरण उरते. शांकर अद्वैत अविद्येला अनिर्वचनीय म्हणते. तिथून ज्ञानदेव पुढे जातात, शांकर मताच्या विरोधात उभे राहत नाहीत, असे या अभ्यासकाला वाटते (पृ. ४२).”

या मांडणीची सुरुवात शंकराचार्यांपासून होत नाही, अज्ञानाच्या प्रश्नापासून होते, कारण लेखकाच्या लेखाला तोच प्रश्न हवा आहे. ‘अविद्या’, ‘अनिर्वचनीय’ या संज्ञा तशाच ठेवल्या आहेत. त्या परंपरेच्या आहेत, त्यामुळे त्या वापरल्याने कुणाची चोरी होत नाही. अभ्यासकाचे स्वतःचे काय, तर युक्तिवादाची उकल आणि ‘पुढे जातात’ हा निष्कर्ष. दोन्ही ठिकाणी वाक्यातच त्याचा निर्देश आहे. त्याच्या ‘वाटतो’मधली सावधगिरीही टिकली आहे. प्रत्यक्ष लेखात ‘एका अभ्यासकाने’च्या जागी त्याचे नाव येईल.

असे लिहिण्याची रीत साधी आहे, पण ती टाळली जाते. उतारा समजेपर्यंत वाचावा आणि पुस्तक मिटावे. मग त्यातला मुद्दा न वाचलेल्या माणसाला सांगतो आहोत असे समजून लिहावे. पुस्तक उघडे ठेवून शब्द बदलत गेलो की पहिल्या प्रयत्नासारखा मजकूर तयार होतो. लिहून झाल्यावर पुस्तक उघडून दोनदा ताडून पाहावे. एकदा शब्दांसाठी: संज्ञा सोडून सलग चार-पाच शब्द जुळत असतील तर ते वाक्य पुन्हा लिहावे किंवा अवतरणात घालावे. दुसऱ्यांदा अर्थासाठी: संज्ञा बदलली का, ‘कदाचित’चे ‘निश्चित’ झाले का, कोणाचे मत कोणाच्या तोंडी गेले का, हे पाहावे.

शेवटचा प्रश्न इथे फार महत्त्वाचा आहे, कारण सिद्धान्तावरच्या लेखनात एकावर एक तीन आवाज असतात: मूळ ग्रंथकार, त्याचा टीकाकार आणि आजचा अभ्यासक. ‘ज्ञानदेव म्हणतात’ असे लिहून पुढे अभ्यासकाचा अर्थ दिला, तर वाचक तो अर्थ ओवीतच आहे असे समजतो. अभ्यासकाच्या तळटीपेतून ओवीक्रमांक उचलून आपण मूळ ग्रंथ पाहिल्याचे भासवणे हीसुद्धा उचलेगिरीच. ओवी स्वतः काढून वाचली असेल तर तिचा क्रमांक खुशाल द्यावा. नसेल तर ‘अमुक अभ्यासकाने उद्धृत केल्याप्रमाणे’ असे लिहावे.

मराठीत आणखी एक वाट फार रुळलेली आहे. इंग्रजी ग्रंथातला परिच्छेद मराठीत आणायचा आणि भाषा बदलली म्हणून तो आपला मानायचा. अनुवादात शब्द सगळे नवे असतात, पण युक्तिवाद, क्रम आणि उदाहरणे जुनीच असतात. सरळ अनुवाद असेल तर तो अनुवाद असल्याचे सांगायला हवे.

साम्य मोजणारे सॉफ्टवेअर अशा वेळी फारसे उपयोगी पडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ते ६० टक्क्यांच्या वर गेले तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होऊ शकते. पण यंत्र जुळणारे शब्द मोजते. वरचा दुसरा प्रयत्न त्यात निर्दोष ठरेल, आणि अवतरणचिन्हांत प्रामाणिकपणे दिलेली ओवी कधी कधी दोष म्हणून उमटेल. त्यामुळे टक्केवारी कमी आली म्हणून निश्चिंत होता येत नाही. आपला परिच्छेद मूळ अभ्यासकाने वाचला, तर ‘हेच मी म्हटले होते आणि हे शब्द माझे नाहीत’ ही दोन्ही वाक्ये त्याला एकाच वेळी म्हणता आली पाहिजेत.