बासुंदी कोणी खाल्ली होती?

लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाली की वकिलाची नोटीस जाते आठ-पंधरा दिवसांनी. तोवर पातेली घासून झालेली असतात आणि उरलेलं अन्न फेकलेलं असतं. नोटीस टिकेल की नाही, हे मात्र त्याआधीच्या दोन दिवसांत ठरून जातं.

एक उदाहरण घेऊ. दुपारी एकला चारशे माणसं जेवली आणि चार वाजल्यापासून तीस जणांना उलट्या सुरू झाल्या. ‘आपल्या निकृष्ट अन्नामुळे पाहुणे आजारी पडले’ एवढंच नोटिशीत असेल, तर केटररचं उत्तर ठरलेलं असतं: बाकीच्यांना काही झालं नाही, पाणी कार्यालयाचं होतं, पाहुण्यांनी बाहेरही काही खाल्लं असेल.

याला तोड म्हणजे साधी यादी. कोण आजारी पडलं, त्यांनी काय खाल्लं, त्रास किती वाजता सुरू झाला. आणि जे आजारी पडले नाहीत त्यांनी काय खाल्लं, हेही. तिसांपैकी अठ्ठावीस जणांनी बासुंदी घेतलेली निघाली आणि मधुमेहामुळे ती टाळणारे सगळे ठणठणीत राहिले, तर पाण्याचा बचाव लंगडा पडतो. पाणी सगळेच प्यायले होते. वेळही बोलते. जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्या होणं हे बहुधा स्टॅफिलोकॉकस जिवाणूच्या विषाचं लक्षण. आचाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून तो दुधात जातो आणि कोमट पातेल्यात तासन्‌तास वाढतो. ‘आम्ही पुन्हा उकळली होती’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण उकळल्याने जिवाणू मरतो, त्याचं विष मात्र तसंच राहतं.

म्हणून त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाला कळवावं. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने रीतसर घेतलेल्या नमुन्याला जे वजन आहे, ते आपण फ्रिजमध्ये जपलेल्या डब्याला नसतं. दवाखान्याच्या केसपेपरवर ‘लग्नातील जेवणानंतर उलट्या’ असं लिहून घ्यावं. नुसतं ‘पोट बिघडलं’ पुरत नाही.

मग नोटिशीत ठरलेली रक्कम, पावत्या, केटररचा चौदा आकडी परवाना क्रमांक, ही यादी आणि दवाखान्याच्या बिलांवरून काढलेली भरपाई मांडता येते. दूधखरेदीची बिलं आणि कामगारांची नोंद जपून ठेवा, अशी मागणीही त्यातच करावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीआधी नोटीस सक्तीची नाही. तरी ती पाठवावी असं माझं ठाम मत आहे, कारण केटररला लेखी भूमिका घ्यावी लागते. पैसे यजमानाने दिले असले, तरी जेवणारा पाहुणाही या कायद्याने ग्राहक ठरतो. तक्रारीला मुदत दोन वर्षांची.

उत्तरात केटररने ‘बासुंदी आम्ही डेअरीतून तयार आणली’ असं लिहिलं, तर ती वाढल्याचं त्याने कबूल केलेलं असतं. आयोगापुढे जाताना त्या डेअरीलाही सामनेवाला करावं.