गॅस न पेटवता पाणी तापलं

प्रयोगशाळेत बाईंनी हातमोजे आणि चष्मा चढवला. चंचुपात्रातल्या 100 मिली पाण्यात कॉस्टिक सोड्याचे 4 ग्रॅम पांढरे दाणे टाकून त्या ढवळू लागल्या. तापमापीतला पारा 25 वरून जवळपास 35 अंशांवर चढला.

"बाई, गॅस तर बंद आहे!" पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"अगं, दाण्यातले सोडियम आणि हायड्रॉक्साइडचे आयन सुटे करायला ऊर्जा खर्च होते. पण पाण्याचे रेणू त्यांना चिकटतात तेव्हा त्याहून जास्त ऊर्जा बाहेर पडते. तीच ही उष्णता."

"मग नवसागर विरघळताना पाणी गार का होतं?"

"तिथे खर्च जास्त, जमा कमी. आणि दाणे नेहमी पाण्यात टाकायचे. दाण्यांवर पाणी ओतलं, तर उकळून अंगावर उडतं."