ऑनलाइन प्रमाणपत्र : खरे किती, ग्राह्य किती?

तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला निघालेल्या मुलामुलींच्या फायलीत हल्ली दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांमागे चार-पाच रंगीत कागद असतात. सोनेरी किनार, गोल शिक्का, खाली दोन सह्या आणि कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड. घरी बसून, मोबाइलवर पाठ पाहून मिळवलेली ही प्रमाणपत्रे. लोणावळ्यापासून देहूरोडपर्यंत पालक एकच विचारतात, ‘हे चालेल का हो?’

या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न दडलेले आहेत. प्रमाणपत्र खरे आहे का, हा एक. आणि खरे असले तरी त्या जागेसाठी ते ग्राह्य आहे का, हा दुसरा. यांची उत्तरे वेगवेगळी येऊ शकतात. कामशेतमधल्या एका मुलीचे उदाहरण कल्पनेने घेऊ. तिने यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आहे. जोडीला तीन ऑनलाइन प्रमाणपत्रे आहेत : एक ‘एनपीटीईएल’चे, एक परदेशी संकेतस्थळावरचे आणि एक दोन तासांच्या मोफत व्याख्यानाला हजर राहिल्याचे.

समजा तिने लिपिकाच्या सरकारी जागेसाठी अर्ज करायचे ठरवले. इथे उत्तर सरळ आहे. जाहिरातीत जे नाव छापले आहे तेच चालते. राज्य शासनाच्या बहुतेक जाहिरातींत संगणक अर्हतेसाठी ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाचा हवाला असतो. त्यात एमएस-सीआयटी किंवा पूर्वीच्या ‘डोएक’ संस्थेच्या, म्हणजे आताच्या ‘नायलिट’च्या, सीसीसी, ओ स्तर अशा परीक्षा येतात. परदेशी विद्यापीठाचा संगणकाचा उत्तम अभ्यासक्रम केला असला तरी तो या यादीत बसत नाही. टंकलेखनाचेही तसेच. तिथे महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शासकीय परीक्षेचे प्रमाणपत्र मागतात; एखाद्या संकेतस्थळाने ‘तुमचा वेग मिनिटाला ४५ शब्द’ असे छापून दिलेला कागद कितीही खरा असला तरी तिथे उपयोगाचा नाही. अर्ज तपासणाऱ्या कारकुनाला त्यात मर्जी चालवता येत नाही, म्हणून त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. काही पदांना नेमणुकीनंतर ठरावीक मुदतीत संगणक प्रमाणपत्र मिळवण्याची सवलत असते. तेही जाहिरातीतच पाहावे.

खासगी कारखान्यात किंवा हॉटेलात अशी यादी नसते. तिथला अधिकारी मनाशी एवढेच विचारतो, की हा कागद मिळवायला या मुलीला नेमके काय करावे लागले? इथे तिची तीन प्रमाणपत्रे वेगळी पडतात.

एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा उपक्रम. अभ्यासक्रम पाहायला, शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून पुण्यासारख्या शहरातल्या केंद्रावर, ओळखपत्र दाखवून, पर्यवेक्षकासमोर परीक्षा द्यावी लागते. गुणांची विभागणी अशी : घरून सोडवलेल्या साप्ताहिक स्वाध्यायांना २५, केंद्रावरच्या परीक्षेला ७५. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ स्वाध्याय धरतात.

आता आपल्या मुलीला स्वाध्यायांत सरासरी १०० पैकी ८४ मिळाले, म्हणजे २५ पैकी २१. परीक्षेत १०० पैकी ४८, म्हणजे ७५ पैकी ३६. बेरीज ५७. ती उत्तीर्ण झाली, पण ‘एलिट’ हा शेरा ६० पासून मिळतो, तो तिला नाही. उलट परीक्षेत १०० पैकी ३२ च मिळाले असते, तर ७५ पैकी २४ झाले असते. बेरीज ४५, म्हणजे चाळीसच्या वर, तरीही प्रमाणपत्र नाही. कारण परीक्षेच्या भागात किमान ३० लागतात, स्वाध्यायांत १०. घरी कोणी मदत केली असेल तर ती इथे उघडी पडते. प्रमाणपत्रावर हे दोन्ही गुण वेगळे छापलेले असतात. जाणकार अधिकारी एकूण बेरजेआधी परीक्षेचा आकडा पाहतो, आणि ते बरोबरच आहे.

परदेशी संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रात बहुधा विद्यापीठाचे बोधचिन्ह मोठे आणि ‘अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केला’ हे वाक्य असते. शिकवणारे नामवंत असतात, यात शंका नाही. पण परीक्षा घरीच, बहुतेक वेळा पर्यवेक्षकाशिवाय दिलेली असते. म्हणून मुलाखत घेणारा त्या विषयावर दोन प्रश्न विचारून पाहणार, हे धरून चालावे. त्या अभ्यासक्रमात केलेले एखादे रेखाचित्र किंवा हिशेबाचा तक्ता सोबत नेला तर तो कागदापेक्षा जास्त बोलतो. तिसरा, हजेरीचा कागद, फायलीतून काढून ठेवला तरी काही बिघडत नाही. असे दहा कागद लावले की खऱ्या एका कागदाकडेही लक्ष जात नाही, असे माझे मत आहे.

आता खरेपणाकडे वळू. कागदाचा रंग, शिक्का, सही यांवरून काहीच ठरत नाही. हे सारे संगणकावर अर्ध्या तासात बनते. क्यूआर कोड आहे म्हणून प्रमाणपत्र खरे, हाही गैरसमजच. तो कोड म्हणजे फक्त एक पत्ता. बनावट कागदावरचा कोड बनावट पानावर नेतो आणि तिथे हिरव्या रंगात ‘पडताळणी झाली’ असे झळकते.

म्हणून कोड उघडल्यावर आधी पडद्याच्या वरचा पत्ता वाचावा. https:// च्या पुढे, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी जो भाग असतो, त्याचा शेवट पाहायचा. nptel.ac.in हा खरा पत्ता. nptel-ac-in.com असे काही दिसले, तर तो निराळाच पत्ता आहे, कारण त्याचा शेवट .com आहे आणि .com नाव कोणीही विकत घेऊ शकतो. .ac.in हे नाव मात्र शिक्षणसंस्थांनाच मिळते. त्याहून पक्की रीत म्हणजे कोड बाजूला ठेवून संस्थेचे संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडणे आणि तिथल्या पडताळणीच्या पानावर प्रमाणपत्राचा क्रमांक घालणे. जे पान दिसेल त्यावरचे नाव, अभ्यासक्रम, तारीख आणि गुण हातातल्या कागदाशी ताडून पाहावेत. खऱ्या प्रमाणपत्राच्या प्रतीवर दुसऱ्याचे नाव चिकटवण्याची लबाडी इथेच पकडली जाते. क्रमांक खरा निघतो, नाव जुळत नाही.

डिजिलॉकरमध्येही एक भेद लक्षात ठेवावा. संस्थेने थेट पाठवलेले कागद ‘जारी’ विभागात येतात आणि २०१७ च्या सुधारित नियमानुसार ते मूळ प्रतीच्या बरोबरीचे धरले जातात. आपण स्वतः फोटो काढून चढवलेला कागद मात्र तिथे असला तरी फोटोच राहतो.

खरा कागदही अडतो तो बहुधा नावावरून. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी, ऑनलाइन नोंदणी करताना मात्र घाईने नुसते पहिले नाव किंवा टोपणनाव भरलेले. मग कारखान्याची कागदपत्रे तपासणारी माणसे विचारतात, ही मुलगी तीच कशावरून? नोंदणी करतानाच आधार कार्डावरचे पूर्ण नाव भरावे. आणि अर्ज पाठवण्याआधी पडताळणीचा दुवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून पाहावा. आपल्या फोनवर आपण आधीच खात्यात शिरलेले असतो, त्यामुळे पान दिसते. अधिकाऱ्याच्या संगणकावर त्याच जागी संकेतशब्द मागणारी चौकट उभी राहते, आणि तो बिचारा पुढच्या अर्जाकडे वळतो.