दोन तारखांमधल्या नोंदी मोजताना

एक्सेलमध्ये COUNTIFS हे फंक्शन २००७च्या आवृत्तीपासून आहे. एकाच वेळी अनेक अटी पाळणाऱ्या नोंदी ते मोजते. ठरावीक मुदतीतल्या नोंदी मोजायच्या तर दोन अटी लागतात: तारीख सुरुवातीच्या तारखेइतकी किंवा नंतरची असावी आणि शेवटच्या तारखेच्या पुढची नसावी. दोन्ही अटी एकाच रकान्याला लागतात, म्हणून तो रकाना दोनदा लिहावा लागतो.

समजा, एका वाचनालयाच्या पुस्तक-देवाणघेवाणीच्या तारखा A रकान्यात आहेत. E1 मध्ये १ एप्रिल २०२४ आणि E2 मध्ये ३० एप्रिल २०२४ लिहिले आहे.

```
=COUNTIFS(A2:A500,">="&E1,A2:A500,"<="&E2)
```

सगळी मेख & या चिन्हात आहे. अवतरणचिन्हांत फक्त तुलनेचे चिन्ह राहते; सेल बाहेर ठेवून & ने त्याला जोडायचा असतो. ">=E1" असे सलग लिहिले, तर E1 हा सेल न राहता दोन अक्षरांचा मजकूर ठरतो आणि तारखांच्या रकान्यात उत्तर शून्य येते. चुकीची सूचना मात्र येत नाही, त्यामुळे ते शून्य खरे वाटण्याचा धोका असतो.

एक्सेल तारीख आकड्यात साठवते. १ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८३ आणि ३० एप्रिल म्हणजे ४५४१२. म्हणून जोडणीनंतर पहिली अट प्रत्यक्षात ">=45383" अशी होते.

नोंदीत वेळही असेल, तर शेवटचा दिवस निसटतो. समजा, १ एप्रिल, १२ एप्रिल, ३० एप्रिल संध्याकाळी ६ आणि १ मे अशा चार नोंदी आहेत. एप्रिलच्या नोंदी तीन, पण वरचे सूत्र दोनच सांगते. संध्याकाळचे ६ म्हणजे पाऊण दिवस. ती नोंद ४५४१२.७५ अशी साठते आणि ४५४१२ पेक्षा मोठी ठरते. त्यावर उपाय म्हणजे पुढच्या दिवसाच्या आतले सारे मोजणे:

```
=COUNTIFS(A2:A500,">="&E1,A2:A500,"<"&E2+1)
```

येथे कंस लागत नाही, कारण एक्सेल आधी बेरीज करते आणि मग जोडणी. वेळ नसलेल्या तारखांनाही हे रूप अचूक चालते, त्यामुळे पहिल्यापासून हेच वापरणे शहाणपणाचे.

एवढे करूनही आकडा कमी आला, तर तारखा तपासाव्यात. दुसरीकडून आणलेल्या यादीत त्या कधीकधी मजकूर म्हणून उतरतात आणि मोजणीतून गळतात. रकान्याची मांडणी बदललेली नसेल, तर अशा तारखा सेलच्या डाव्या कडेला दिसतात, खऱ्या तारखा उजव्या. संगणकावर महिना आधी लिहिण्याची पद्धत निवडलेली असेल, तर 13/04/2024 मजकूरच राहते. 05/04/2024 मात्र गुपचूप ४ मे होते आणि एप्रिलच्या मोजणीबाहेर जाते. अशी तारीख उजवीकडेच दिसते, म्हणून तिच्यासाठी मूळ नोंदवहीशी ताडून पाहावे.